उभ्या चित्रातला लहानसा चेहरा स्पष्ट करताना माणूस तोच कसा ठेवायचा

एका चित्रकथेसाठी मी सध्या एआय मॉडेलकडून एकाच पात्राची चित्रं बनवून घेतोय. पात्र कल्पनेतलं आहे: साठीकडे झुकलेली एक वनस्पतिशास्त्रज्ञ. लांबट चेहरा, किंचित कललेलं नाक, जड पापण्या आणि डाव्या भुवईला मधोमध छेदून गेलेला जुना व्रण. तिच्या चेहऱ्याचं एक मोठं, समोरून दिसणारं चित्र मी आधीच पक्कं करून ठेवलंय. तोच माझा रेफरन्स. पुढच्या प्रत्येक चित्रात बाई हीच दिसली पाहिजे.

जवळून घेतलेल्या चित्रांत फारसा त्रास झाला नाही. पण एका प्रसंगात ती दगडी पायऱ्यांवर उभी आहे, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. या चित्रात कोट छान आला, हातातली पिशवी छान आली, पायऱ्यांवरची सावलीसुद्धा बरोबर पडली. आणि चेहऱ्याच्या जागी मात्र कुणीतरी ओल्या पिठाच्या गोळ्याला तीन खळगे पाडून ठेवले होते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली, तोंड म्हणजे नुसती एक गडद रेघ. अशा वेळी चेहऱ्यापुरता वेगळा डिटेल पास चालवतात, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा काढून घेतात. मीही चालवला. चेहरा लख्ख झाला, पण बाई बदलली. पायऱ्यांवर कुणीतरी नितळ कातडीची, सरळ नाकाची, पस्तिशीतली अनोळखी स्त्री उभी होती.

आधी पिठाचा गोळा का होतो आणि मग अनोळखी बाई का येते, ही दोन कोडी वेगवेगळी आहेत. त्यांची गल्लत झाली की माणूस रात्रभर आकडे वरखाली करत बसतो.

पहिलं कोडं सोपं आहे. माझं चित्र ८३२ बाय १२१६ पिक्सेलचं होतं. मी वापरतो त्या एसडीएक्सएल मॉडेलसाठी हा नेहमीचाच आकार. त्यात आकृतीची उंची साधारण ७०० पिक्सेल, आणि चेहरा, म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंतचा चौकोन, ५६ बाय ७२ पिक्सेल. ५६ पिक्सेलमध्ये ओबडधोबड का होईना, एखादा चेहरा मावायला हरकत नव्हती. पण मॉडेल पिक्सेलमध्ये काम करतच नाही. ते काम करतं लेटन्टमध्ये, म्हणजे चित्राच्या आवळलेल्या रूपात, आणि तिथे चित्र दोन्ही बाजूंनी आठपट आवळलेलं असतं. तिथलं एक घर म्हणजे चित्रातला ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा. या हिशेबाने चेहऱ्याला आडवी ७ आणि उभी ९ घरं मिळतात, एकूण ६३. दोन डोळे, नाक, ओठ, भुवया, सुरकुत्या आणि तो व्रण, सगळं ६३ घरांत. एका डोळ्याच्या वाट्याला धड दोन घरंही येत नाहीत. मॉडेलला चेहरा काढता येत नाही असं नाही. त्याला कागदच पुरला नाही.

डिटेल पास नेमकी हीच अडचण सोडवतो. मी चित्रं कम्फीयूआय या प्रोग्राममध्ये बनवतो. तिथे कामाचे ठोकळे, म्हणजे नोड, तारांनी एकमेकांना जोडतात, आणि `FaceDetailer` नावाचा नोड हे काम करतो. चेहरे ओळखणारं एक छोटं मॉडेल, बहुतेकदा `face_yolov8m.pt`, चित्रात चेहरा शोधून त्याभोवती चौकोन आखतं. त्या चौकोनाच्या आसपासचा थोडा भाग धरून तुकडा कापला जातो, मोठा केला जातो, त्यावर ठरावीक प्रमाणात नॉइज, म्हणजे यादृच्छिक दाणे, टाकून तो मॉडेलकडून पुन्हा काढून घेतला जातो आणि लहान करून मूळ जागी चिकटवला जातो. तुकडा मोठा असताना चेहऱ्याला ६३च्या जागी हजार-दीड हजार घरं मिळतात. म्हणून डोळे डोळ्यांसारखे येतात.

आता दुसरं कोडं. डिटेल पास म्हणजे चित्रावर भिंग धरणं नव्हे. तो त्या तुकड्याचा नवा जन्म आहे. मॉडेलसमोर येतो एक धुरकट, फुगवलेला गोळा, आणि सोबत असतो प्रॉम्प्ट. या दोघांतून त्याला ‘चेहरा’ एवढं कळतं. कुणाचा, ते कुठून कळणार? मग ते आपल्या सवयीचा चेहरा काढतं. तो चेहरा तरुण, सममित आणि गुळगुळीत असतो, कारण मॉडेलची सवयच तशी आहे. पहिल्या पासला, म्हणजे पूर्ण चित्र बनवताना, मी रेफरन्स जोडला होता हे खरं, पण त्यातलं जेमतेम काही त्या ६३ घरांत उतरलं होतं, आणि दुसऱ्या पासला तर मी साधं मूळ मॉडेल जोडून मोकळा झालो होतो. रेफरन्सची तार `FaceDetailer`पर्यंत पोचलीच नव्हती. या कामातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच असावी, असं माझं मत आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, कारण नोड कसलीही तक्रार न करता निमूट चालतो.

म्हणून डिटेल पासच्या `model` या खाचेत रेफरन्स बसवलेलं मॉडेल जोडायचं. चेहऱ्याचा लोरा, म्हणजे त्या चेहऱ्यावर शिकवलेली छोटी पुरवणी, असेल तर लोरा लावलेलं. रेफरन्स चित्र मॉडेलला दाखवणारा आयपी-अॅडॉप्टर असेल तर त्यातून बाहेर पडलेलं. पात्राचा चेहरा पहिल्या पासमध्ये बहुतांशी वाया जातो आणि खरं काम दुसऱ्यात होतं, हे एकदा लक्षात आलं की मी पहिल्या पासमधला रेफरन्स हलकाच ठेवू लागलो. तिथे तो केस, वय आणि अंगलट सांगण्यापुरता पुरेसा असतो.

रेफरन्स जोडला म्हणजे तो पोचला असंही नाही. आयपी-अॅडॉप्टरचा साधा प्रकार रेफरन्स चित्र क्लिप या चित्र समजणाऱ्या मॉडेलच्या डोळ्याने पाहतो, आणि तो डोळा लहान आहे: २२४ बाय २२४ पिक्सेल. चित्र उभं असेल तर मधला चौरस ठेवून वरचा-खालचा भाग छाटला जातो. ८३२ बाय १२१६चं उभं चित्र रेफरन्स म्हणून दिलंत, तर वरून १९२ आणि खालून १९२ पिक्सेल आधीच गेले. आकृती चौकट भरून उभी असेल तर डोकंच कापलं जातं आणि अॅडॉप्टर तुमच्या पात्राचं पोट मन लावून अभ्यासतो. म्हणून रेफरन्स आपणच चौरस कापून द्यायचा: चेहरा मध्यभागी, भोवती थोडे केस, थोडी मान, बस्स.

फेसआयडी नावाचा प्रकार वेगळ्या वाटेने जातो. तो इनसाइटफेस या चेहरा-ओळख मॉडेलकडून चेहऱ्याचे ५१२ आकडे घेतो. हे आकडे ‘हा माणूस कोण’ याचे असतात: हाडांची ठेवण, डोळ्यांमधलं अंतर, जबड्याची रुंदी. केसांची रचना त्यात जवळजवळ नसते, आणि तीळ-व्रण असल्या खुणाही भरवशाने येत नाहीत. फेसआयडी प्लस या आवृत्तीत दोन्ही वाटा एकत्र येतात. माझ्या कामाला तीच सोयीची पडली. या वाटेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी: इनसाइटफेसची तयार मॉडेलं अव्यावसायिक संशोधनासाठी खुली आहेत. विकायच्या पुस्तकासाठी काम करत असाल तर परवान्याचा प्रश्न आधी सोडवावा, सत्तर चित्रं झाल्यावर नाही.

आता तुकडा किती मोठा कापायचा. इथे `FaceDetailer`मधल्या तीन आकड्यांची आपसात ओढाताण चालते, आणि ती समजली नाही तर आपण एक मागतो आणि पदरात भलतंच पडतं. `bbox_crop_factor` सांगतो की चेहऱ्याच्या चौकोनाच्या किती पट तुकडा कापायचा. `guide_size` सांगतो की चौकोनाची लहान बाजू किती पिक्सेलपर्यंत वाढवायची. आणि `max_size` सांगतो की काही झालं तरी पूर्ण तुकड्याची लांब बाजू यापुढे जाऊ द्यायची नाही. मी ठेवलं होतं तिप्पट, ५१२ आणि १०२४. मला वाटत होतं, चेहरा ५१२ पिक्सेल रुंद होऊन निघतोय.

हिशेब करून पाहू. ५६ बाय ७२च्या तिप्पट म्हणजे तुकडा १६८ बाय २१६. ५६चे ५१२ करायचे तर सगळं ९.१४ पटीने वाढवावं लागेल, आणि तुकडा होईल १५३६ बाय १९७५. पण १०२४ची वेस आडवी येते. मग नोड गुपचूप वाढ कमी करून ४.७४ पटीवर आणतो. चेहरा निघतो २६५ बाय ३४१. मागितल्याच्या जवळजवळ निम्मा. एसडीएक्सएलसारख्या मॉडेलला तेवढ्यात जड पापण्या आणि बारीक सुरकुत्या नीट बसवता येत नाहीत, हे मला चित्रात दिसतच होतं. कारण कळत नव्हतं.

तुकडा दुप्पट कापला की हिशेब बदलतो. ११२ बाय १४४चा तुकडा, वेस पुन्हा आडवी येते, पण वाढ ७.११ पट मिळते आणि चेहरा ३९८ बाय ५१२ होतो. दीडपट कापला तर पूर्ण ५१२ बाय ६५८ मिळतो. मग दीडपटच का नाही? कारण तुकडा इतका घट्ट झाला की मॉडेलला मान, खांदे, उजेडाची दिशा काहीच दिसत नाही. चेहरा सुंदर येतो आणि मानेवर कसाबसा टेकवल्यासारखा दिसतो. कधी डोक्याचा कलही खांद्यांशी जुळत नाही. मी दुपटीवर थांबलो. ग्राफिक्स कार्डाला झेपत असेल तर वेस १५३६वर नेऊन तिप्पट तुकडाही चालतो, पण त्या आकाराला एसडीएक्सएल कधीकधी एकाच तुकड्यात दुसरा चेहरा काढायला लागतं.

यानंतरचा आकडा म्हणजे डीनॉइज. सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

तुकड्यावर किती नॉइज टाकायचा ते हा आकडा ठरवतो. ० म्हणजे जसं आहे तसं, १ म्हणजे सगळं पुसून नव्याने. मधल्या पायऱ्यांमागे एक साधा क्रम आहे. जास्त नॉइज असताना मॉडेल मोठ्या गोष्टी ठरवतं: डोकं कुठे वळलंय, जबडा किती रुंद, डोळे किती लांब. नॉइज कमी होत गेला की पापण्या, ओठांच्या कडा, त्वचेचा पोत ठरतो. कमी डीनॉइज म्हणजे मोठे निर्णय आधीच झाले असं गृहीत धरून फक्त शेवटचं कोरीवकाम करणं. आणि आपल्या बाबतीत मोठे निर्णय झाले होते ६३ घरांत, पिठाच्या गोळ्यात. ते निर्णयच चुकलेले आहेत.

म्हणून सगळीकडे सांगितला जाणारा ‘०.३ ते ०.४ ठेवा, चेहरा बदलत नाही’ हा सल्ला इथे उलटा पडतो. चेहरा बदलत नाही हे खरंच, पण न बदलणारा चेहरा आपला नसतो. मी सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा, म्हणजे सीड, एकच ठेवून चार वेळा चालवून पाहिलं. ०.३ला गोळा लख्ख झाला: एक डोळा खाली तो खालीच, फक्त आता त्याला पापणीचे केसही होते. ०.४५ला डोळे सरळ झाले, पण जबडा रुंदच राहिला. बाईची धाकटी बहीण वाटावी इतपत साम्य. ०.५५ला लांबट चेहरा आला, नाकाचा कल आला, पापण्या जड झाल्या. ०.७ला ती हुबेहूब रेफरन्समधली बाई झाली, पण इतकी हुबेहूब की मूळ चित्रात उजवीकडे, पायऱ्यांच्या टोकाकडे बघणारी बाई आता थेट आपल्याकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर रेफरन्समधला समोरून येणारा मऊ उजेड पडला होता. कोटावर उजेड डावीकडून. असा चेहरा लगेच फसवा वाटतो, पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी.

माझ्यासाठी ०.५ ते ०.६ हा पट्टा ठरला. तुमचा शेड्यूलर, म्हणजे नॉइज पायरीपायरीने किती उतरवायचा ते ठरवणारी पद्धत, वेगळा असेल तर पट्टा थोडा सरकेल, कारण ०.५ या एकाच आकड्याला प्रत्येक शेड्यूलर वेगवेगळा नॉइज देतो; कॅरास नावाचा शेड्यूलर त्याच आकड्याला साध्या शेड्यूलरपेक्षा सौम्य वागतो. दुसऱ्याचा आकडा उचलताना त्याचा शेड्यूलरही विचारून घ्यावा.

०.५५ला मान वळायला लागली तर डीनॉइज खाली ओढण्यापेक्षा अॅडॉप्टरचा जोर कमी करून पाहावा. फेसआयडी प्लसचा जोर मी १ वरून ०.७वर आणला आणि नजर पुन्हा उजवीकडे गेली. जोर जास्त असला की रेफरन्समधून ओळखीबरोबर नजर, हसू आणि उजेडही येतो, विशेषतः क्लिपच्या वाटेने. तेवढ्याने भागलं नाही तर इन्स्टंटआयडीसारखी पद्धत आहे. ती दोन डोळे, नाकाचा शेंडा आणि तोंडाचे दोन कोपरे असे पाच बिंदू धरून चेहऱ्याची दिशा बांधून ठेवते. लहान चेहऱ्याला हा बेत चांगला जमतो, कारण गोळ्यातूनही पाच बिंदू बरे सापडतात. उलट त्या गोळ्यावरून कडांचा किंवा खोलीचा नकाशा काढून आकार बांधून ठेवणाऱ्या कंट्रोलनेटला देणं म्हणजे चुकलेला आकार स्वतःच्या हाताने पक्का करणं.

इथे माझ्या दोन संध्याकाळी खाणारा एक खड्डा सांगून ठेवतो. आयपी-अॅडॉप्टरच्या नोडवर `start_at` आणि `end_at` असतात: कुठून कुठपर्यंत रेफरन्स लागू ठेवायचा. पहिल्या पाससाठी मी `end_at` ०.५ ठेवला होता, म्हणजे सुरुवातीच्या अर्ध्या वाटेत रेफरन्स, पुढे मॉडेल मोकळं. तोच नोड मी डिटेल पासलाही जोडला आणि चेहरा काही केल्या जुळेना. कारण ही टक्केवारी पूर्ण वाटेची असते, शून्यापासून शेवटपर्यंतच्या नॉइजची. डिटेल पास ०.५ डीनॉइजने सुरू होतो तो मुळात अर्ध्या वाटेवरूनच. रेफरन्स जिथे थांबायचा, जवळपास तिथेच हा पास चालायला लागायचा. तार जोडलेली, नोड हिरवा, आणि परिणाम शून्याच्या आसपास. डिटेल पाससाठी वेगळा अॅडॉप्टर नोड घ्यावा आणि त्याचा `end_at` १ ठेवावा.

प्रॉम्प्टचंही तसंच. पहिल्या पासचा प्रॉम्प्ट पूर्ण दृश्याचा होता: पायऱ्या, कोट, पिशवी, उभी आकृती. तोच डिटेल पासला दिला तर मॉडेल चेहऱ्याच्या तुकड्यात पायऱ्या शोधू लागतं. एकदा तर गालावर चिमुकला कोट घातलेला माणूस उमटला होता. तो मी जपून ठेवलाय. डिटेल पासला चेहऱ्यापुरतंच सांगावं: साठीची स्त्री, जड पापण्या, सुरकुत्या, उजवीकडे नजर, डावीकडून उन्हाचा प्रकाश. वय शब्दात सांगणं इथे फार उपयोगी पडतं, कारण फेसआयडी हाडं नीट आणतं पण वय बरेचदा दहा-पंधरा वर्षांनी खाली ओढतं.

एवढं सगळं जमल्यावर मी तुकडा उघडून पाहिला. `FaceDetailer`च्या `cropped_refined` या बाहेरच्या खाचेतून तो मोठा तुकडा जसाच्या तसा बघता येतो. हुबेहूब तीच बाई. आनंदाने पूर्ण चित्र उघडलं, आणि चेहरा पुन्हा अर्धवट. घडलं होतं ते अगदी साधं: ३९८ बाय ५१२चा सुरेख चेहरा शेवटी ५६ बाय ७२च्या भोकात बसवला गेला होता. तुकड्यात कितीही कमावलं तरी अंतिम चित्रात तेवढेच पिक्सेल आहेत.

म्हणून क्रम असा लागतो: आधी पूर्ण चित्र दुप्पट मोठं करायचं, मग चेहऱ्याचा पास. १६६४ बाय २४३२च्या चित्रात चेहरा ११२ बाय १४४ होतो. दुप्पट तुकड्याचा हिशेब आतून तोच राहतो, मॉडेल तेव्हाही ३९८ बाय ५१२चाच चेहरा काढतं, पण परत बसताना त्याला चौपट पिक्सेल मिळतात. मोठं करण्यासाठी कडा धारदार करणारं अपस्केल मॉडेल वापरलंत तर ते चेहऱ्यातल्या चुकीच्या रेघाही धारदार करतं, आणि डिटेल पासला त्या रेघा खऱ्या वाटतात. मी पहिल्या चित्रापुरतं साधी लँक्झोस पद्धत वापरतो. धूसर चुकीपेक्षा ठाशीव चूक पुसायला जास्त नॉइज लागतो.

आणि चेहऱ्याचा पास अगदी शेवटी. त्यानंतर पूर्ण चित्रावर आणखी एखादा पास चालवायचा मोह होतो, ‘फक्त ०.१५ने, सगळं एकजीव व्हायला’. तसं केलं की चेहरा पुन्हा लेटन्टमध्ये आवळला जातो, १४ बाय १८ घरांत, आणि डोळ्यांची कड तिथेच विरघळते. नॉइज शून्य ठेवला तरी नुसत्या जाण्यायेण्यात लहान चेहऱ्याचं नुकसान होतं.

पायऱ्यांच्या चित्रासाठी शेवटी टिकलेले आकडे हे:

```
guide_size: 512
guide_size_for: bbox
max_size: 1024
bbox_crop_factor: 2.0
denoise: 0.55
feather: 12
noise_mask: enabled
```

`feather`, म्हणजे चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेचा मऊपणा, मी नेहमीच्या ५वरून १२वर नेला, कारण दुप्पट चित्रात जबड्याखाली एक फिकट कड दिसत होती. कपाळ आणि केसांच्या सीमेवरही असली कड येते. ती शोधायला चित्र थोडं काळपट करून बघावं, लगेच डोळ्यात भरते. चित्रात आणखी माणसं असतील तर शोधणारं मॉडेल त्यांचेही चेहरे पकडतं आणि सगळ्यांना तुमच्या पात्राचा चेहरा मिळतो. मागे गर्दी असलेल्या एका चित्रात मला एकाच बाईच्या सहा प्रती मिळाल्या होत्या. अशा वेळी शोध आणि दुरुस्ती वेगळ्या नोडांनी करून मधे हवा तो एकच चेहरा गाळून घ्यायचा.

जुळलंय की नाही, हे कसं ठरवायचं? तुकडा आणि रेफरन्स मोठ्या आकारात शेजारी ठेवून पाहिलं तर आपण स्वतःला सहज फसवतो, कारण ओळखीच्या खुणा मोठ्या आकारात भरपूर सापडतात. मी रेफरन्स लहान करून ११२ पिक्सेल रुंदीचा बनवतो आणि अंतिम चित्रातल्या चेहऱ्याशेजारी ठेवतो. त्या आकारातही ती तीच वाटली पाहिजे. काही जण चेहरा-ओळख मॉडेलकडून साम्याचा आकडा काढतात. आकडा वाईट नाही, पण ज्या मॉडेलच्या आकड्यांवरून चेहरा बनवला, त्यालाच परीक्षक नेमलं तर तो पास करणारच.

साम्य शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पूर्ण आकृती दिसते तेव्हा कॅमेरा चार-पाच मीटर लांब असतो. हातभर अंतरावरून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठं, कान मागे गेलेले आणि गाल निमुळते दिसतात. तुमचा रेफरन्स तसा जवळचा असेल तर तोच आकार लांबच्या आकृतीवर बसवला की डोकं फुग्यासारखं वाटतं. हा डीनॉइजचा किंवा जोराचा दोष नसतो, कितीही आकडे फिरवले तरी जात नाही. रेफरन्सच थोड्या लांबून घेतल्यासारखा, सपाट ठेवणीचा हवा. मी माझा रेफरन्स याच कारणासाठी दुसऱ्यांदा बनवला.

चिकटवलेला चेहरा कधी आजूबाजूपेक्षा जास्तच लख्ख दिसतो: कोटाचे धागे मऊ आणि भुवईचा केसन् केस मोजता येतोय. मग मी चित्र संपादकात नवा चेहरा जुन्यावर ८० टक्के दाटपणाने ठेवतो आणि पूर्ण चित्रावर हलकासा दाणा टाकतो. पिक्सेलवरचं काम असल्यामुळे त्याने साम्य ढळत नाही.

राहता राहिला तो व्रण. फेसआयडीने तो कधीच आणला नाही, क्लिपच्या वाटेने चारात एकदा आला आणि तोही उजव्या भुवईवर. डावं-उजवं या मॉडेलांना नीट पाळता येत नाही. प्रॉम्प्टमध्ये लिहिलं तर गालभर जखम उमटली. शेवटी ०.५५चा पास झाल्यावर मी स्वतःच डाव्या भुवईवर त्वचेच्या रंगाची एक तिरकी रेघ ओढली, अंतिम चित्रात जेमतेम तीन पिक्सेल रुंद, आणि त्याच चेहऱ्यावर ०.२५चा आणखी एक छोटा पास दिला. तेवढ्या कमी नॉइजला मॉडेल रेघ पुसत नाही, फक्त तिच्या दोन्ही कडांना भुवईचे केस नीट वळवून देतं.